उजनीचा मॅप: आता बाणांवर क्रियापदं आलीत

पर्यावरणशास्त्राच्या कोर्सचे कन्सेप्ट मॅप काढायचं खूळ चालूच आहे, या वेळचा अपडेट जलप्रदूषणाच्या युनिटचा. मधोमध 'जलप्रदूषण' लिहून चहूबाजूंनी फांद्या काढायचं बंद केलंय, त्यात सगळंच सगळ्याला चिकटतं आणि कळत काहीच नाही. जोसेफ नोव्हाक यांनी ७०च्या दशकात कॉर्नेलमध्ये ही पद्धत बसवली त्यात आधी एक प्रश्न ठरवायचा असतो. माझा प्रश्न असा: उजनी धरणाचं पाणी हिरवं का होतं आणि अशा पाण्यात मासे गुदमरतात कसे?

प्रश्न ठरला की नोडची, म्हणजे मॅपवर मांडायच्या एकेका संकल्पनेच्या चिठ्ठीची, चाळणी आपोआप होते. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून उजनीत येतं, म्हणून 'सांडपाणी' आत. 'फॉस्फेट', 'नायट्रेट', 'शेवाळ', 'विरघळलेला ऑक्सिजन', 'जिवाणू', 'मासे' हेही आत. प्लॅस्टिक आणि जड धातू सिलॅबसमध्ये त्याच चॅप्टरला आहेत पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला ते लागत नाहीत, त्यामुळे चिठ्ठ्या बाजूला. पुसायच्या नाहीत हं, दुसऱ्या मॅपला लागतील.

आता लिंक. माझी टेस्ट सोपी आहे, नोड-बाण-नोड एका दमात वाचायचं, पूर्ण वाक्य झालं पाहिजे आणि त्याला कुणी 'हे खोटं आहे' म्हणू शकलं पाहिजे. 'शेवाळ – संबंधित आहे – ऑक्सिजन' याला कोण खोटं म्हणणार, पण सांगितलं काय त्यात? कामच करत नाही तो बाण.

गंमत याच बाणावर आहे. नीट क्रियापद शोधायला गेलं की दोन येतात आणि दोन्ही उलटी. दिवसा शेवाळ प्रकाशसंश्लेषण करून ऑक्सिजन सोडतं, रात्री श्वसनात तोच वापरतं, आणि मेल्यावर तळाशी जातं तिथे जिवाणू ते कुजवताना ऑक्सिजन संपवतात. एकाच नोडमधून 'वाढवतं' आणि 'घटवतं' असे दोन बाण एकाच ठिकाणी जायला लागले की समजायचं नोड फोडायची वेळ आली. मी 'जिवंत शेवाळ' आणि 'मेलेलं शेवाळ' असे दोन केले. जिवंतवर दोन बाण तसेच ठेवले पण 'दिवसा सोडतं', 'रात्री वापरतं' असं लिहून, म्हणजे भांडण मिटलं. यातून एक फायदाही झाला, ज्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर दिसतो तिथेच पहाटे मासे वर येऊन तोंड का उघडतात हे मॅपवरूनच सांगता येतं.

दुसरी अडचण बीओडीची. पुस्तकं वाचून सगळे 'बीओडी – कमी करतो – ऑक्सिजन' असा बाण मारतात, पण बीओडी हे माप आहे, जिवाणूंना सेंद्रिय घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं. आपल्याकडे नमुना २७ अंशांना ३ दिवस ठेवून काढतात, बाहेर बऱ्याच ठिकाणी २० अंशांना ५ दिवस. ताप मोजणाऱ्या थर्मामीटरमुळे ताप येतो म्हटल्यासारखं होतं ते. म्हणून बीओडीचा नोड वेगळ्या रंगाचा केला, त्याच्यातून ऑक्सिजनकडे बाणच नाही, फक्त 'सेंद्रिय घाण' कडे, वर लिहिलंय 'मोजतो'. मापांना वेगळा रंग द्यायची ही आयडिया मातीच्या युनिटलाही चालेल असं वाटतंय (पीएच तिथेही कारणांच्या रांगेत घुसतो).

क्रॉसलिंकवर मात्र मी आता कंजूष झालोय. एका युनिटमधून दुसऱ्यात जाणारा बाण तेव्हाच, जेव्हा तो काढला तर उत्तर अपुरं राहील. टिकले ते दोन. एक हवामानाच्या युनिटमधून: 'तापमान – वाढलं की कमी मावतो – विरघळलेला ऑक्सिजन'. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसातच्या आसपास, म्हणजे उन्हाळ्यात सुरुवातच कमी शिलकीने होते. दुसरा मातीच्या रसायनातून, आणि हा माझा सगळ्यात लाडका. तळाच्या गाळात फॉस्फेट लोहाला धरून बसलेलं असतं, तळचा ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप बदलतं आणि फॉस्फेट सुटून परत पाण्यात येतं, ते वर पोचलं की पुन्हा शेवाळाला खायला. हा बाण काढला आणि सरळ उतरत आलेला मॅप गोल फिरला. सांडपाणी आज थांबवलं तरी पाणी लगेच निवळत नाही त्याचं एक कारण या गोलात आहे.

सध्या अडलोय ते 'जलपर्णी'वर. फॉस्फेट, नायट्रेट तीही खाते आणि वर पसरून उजेड अडवते, म्हणजे शेवाळाची स्पर्धकच, पण मेल्यावर तीही तळाशी कुजते. 'मेलेलं शेवाळ'चं नाव बदलून 'मेलेल्या वनस्पती' करावं की जलपर्णीला वेगळा मॅप द्यावा? मी पहिल्याकडे झुकतोय, कारण कुजायच्या पुढचे सगळे बाण दोघांना सारखेच लागतात.