११८, मग १३७

त्या सकाळी साडेसहाला उपाशीपोटी रक्तातली साखर ११८ आली होती. मग एक कप कॉफी: दूध नाही, साखर नाही, गोडव्याची एक गोळी. साडेसातला पुन्हा बोट टोचलं तर १३७. मध्ये पोटात दुसरं काहीच गेलेलं नव्हतं.

एकोणीस अंकांनी माणसाने इतकं खट्टू व्हावं का? पण मी झाले. एकेक करत काय काय सुटलं, ते आज लिहीत नाही. हा एक कप तेवढा उरला होता आणि आता तोही जाणार, एवढंच दिवसभर डोक्यात घोळत राहिलं. ताई म्हणाली, "ती गोळीच. मी कधीची सांगतेय." मला काही बोलता आलं नाही.

गोळीवर माझा संशय बसत नव्हता. अख्खी गोळी एका ग्रॅमपेक्षा कितीतरी हलकी असते. त्यात गोडी देणारं सुक्रालोज किंवा सॅकरिन रक्तातल्या साखरेत भर घालत नाही आणि उरलेला भरणा थोडा लॅक्टोजचा असला, तरी तो जाणवण्याइतका नसतो. पुडीची गोष्ट निराळी. सुक्रालोजची पूड चिमटीत धरता यावी म्हणून तिच्यात बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन घातलेलं असतं, पुडीमागे साधारण एक ग्रॅम. दिवसाच्या चार कपांत दोन-दोन पुड्या म्हणजे आठ ग्रॅम झाले. दूध तर उघडच आहे: १०० मिलीमध्ये सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज. अर्धा कप दूध घातलेल्या चहाने साखर वाढली, तर गोडव्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पुडी फाडून त्याच बोटाला सुई लावली, तर चिकटलेल्या पुडीचं डेक्स्ट्रोज स्ट्रिपवर उतरतं आणि आकडा खोटा फुगतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या बोटाने थेंब पातळ होऊन आकडा उलट खाली येतो.

मग कॅफीन? त्याने ॲड्रेनलिन वाढतं आणि काही तास इन्सुलिनचा परिणाम थोडा बोथट होतो. एवढं वाचून मी दोन दिवस कॉफीलाच दोषी धरून बसले होते. पण साखर पहाटेपासून आपली आपणच चढत असते. कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोनच्या जोरावर यकृत ग्लुकोज सोडत राहतं, आणि अंथरुणातून उठल्यावरही ते तासभर चालू राहू शकतं. म्हणजे त्या १३७ मधला किती वाटा कॉफीचा आणि किती नुसत्या सकाळचा? ज्या दिवशी फक्त पाणी प्यायलं, त्या दिवसाचा आकडा हाताशी असल्याशिवाय हे सांगताच येत नाही, आणि माझ्याकडे तो नव्हता.

शिवाय मीटर. घरगुती मीटरसाठीच्या २०१३ च्या आयएसओ मानकात, साखर १०० च्या वर असेल तेव्हा, शंभरातली ९५ रीडिंग लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असली की पुरे. खरी साखर दोन्ही वेळा १२७ असती, तरी एकदा ११८ आणि एकदा १३७ दाखवणारं मीटर नियमात बसलं असतं! हे गणित मांडल्यावर त्या रात्री जरा झोप लागली.

मग वही आखली. तीन पेयं ठरवली: नुसतं गरम पाणी, गरम पाण्यात एक गोळी, आणि काळ्या कॉफीत एक गोळी. तिन्ही २०० मिली. प्रत्येकाच्या तीन सकाळी, पण सलग नाहीत. पाण्याचे तिन्ही दिवस आधी आणि कॉफीचे नंतर ठेवले असते, तर मधल्या काळातलं सर्दी-पडसं किंवा जागरण कॉफीच्या नावावर लागलं असतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणून आदल्या दुपारी बारानंतर चहा-कॉफी बंद. रात्रीचं जेवण तेच, औषधाची वेळ तीच, स्ट्रिपची डबी एकच. साडेसहाला मोजायचं, लगेच पेय, साडेसातला पुन्हा मोजायचं, दर वेळी दोन स्ट्रिप आणि त्यांची सरासरी. मग लगेच रोजचा एकच नाश्ता, ब्रेडचे दोन स्लाइस आणि एक अंडं, आणि साडेनऊला तिसरी नोंद. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली तर तो दिवस बाद. हे आधीच लिहून ठेवलं, नाहीतर नावडता आकडा आला की झोपेचं निमित्त सुचतंच. असे दोन दिवस बाद झाले.

(इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर नाश्ता असा पुढे ढकलण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. ७० च्या खाली गेलं की प्रयोग तिथेच थांबवून १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं.)

काल वही भरली. पहिल्या तासातली वाढ: पाण्याने ११, १०, १३. पाणी आणि गोळीने १२, १०, १२. कॉफी आणि गोळीने १३, १२, १४. मी कितीतरी वेळ बघत बसले. एक-दोन अंकांचा फरक हे मीटर पकडूच शकत नाही. गोळी निर्दोष सुटली. नाश्त्याआधीच्या तासापुरती कॉफीही सुटली. ती वाढ सकाळचीच होती, मी काहीही प्यायले असते तरी. जे आपल्या हातातच नव्हतं, त्याबद्दल इतके दिवस स्वतःला बोल लावत होते.

पण साडेनऊचा रकाना वेगळं सांगतो. पाण्याच्या दिवशी १५८, १६३, १५५. पाणी-गोळीच्या दिवशी १६०, १५६, १६१. कॉफीच्या दिवशी १७७, १७१, १८२. इथे कॉफीचा सर्वांत कमी आकडादेखील बाकीच्या सगळ्यांच्या वर आहे. ड्यूक विद्यापीठात २००४ साली टाइप २ मधुमेह असलेल्या, रोज कॉफी पिणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं होतं: कॅफीनने उपाशीपोटीची साखर हलली नाही, जेवणानंतरची मात्र वाढली. इन्सुलिन बोथट झालं, तर ते कळणार जेवणातली साखर रक्तात उतरते तेव्हाच. मी इतके दिवस चुकीच्या तासाकडे बघत होते.

म्हणजे कप राहिला, पण नाश्त्यानंतरचे सतरा-अठरा अंक त्याच्या सोबतीने येतात. वाईट वाटलं, तरी पहिल्या दिवशीसारखं नाही. कॉफी तासभर अलीकडे-पलीकडे केल्याने फारसं काही साधणार नाही, पाच तासांचा हिशेब तेच सांगतो. कप अर्धा करता येईल, किंवा कॅफीन काढलेली कॉफी घेता येईल. तिच्यात कपामागे काही मिलिग्रॅमच उरतं, नेहमीच्या कपात शंभराच्या आसपास असतं.

त्याचीही परीक्षा घ्यायचीच. पाणी आणि कॉफी तोंडात घेतल्या घेतल्या कळतात, या दोन कॉफींतलं अंतर मात्र मला ओळखू येत नाही, हे बरंच झालं. ताईने दोन्ही पुडे दोन सारख्या डब्यांत ओतून त्यांवर अ आणि ब लिहिलंय. कशात काय, ती चिठ्ठी तिच्याकडे आहे. उद्या सकाळी कप तीच करणार आहे.