साठ टक्के कुठून आले?

आमच्या मूल्यांकनाच्या व्यवसायात भांडणाऱ्या घरांचं काम येतं तेव्हा आकडे सहसा आधीच ठरलेले असतात. आपण फक्त त्यांना आधार पुरवायचा, अशी अपेक्षा असते. हे कामही तसंच होतं. पश्चिम महाराष्ट्रातलं एक घराणं, वर इतर धंद्यांतले हिस्से धरून ठेवणारी एक बिगरसूचीबद्ध होल्डिंग कंपनी, तिच्यात दोन भावांचे मिळून ८० टक्के आणि थोरल्या बहिणीचे २० टक्के. ताईंना बाहेर पडायचं होतं, भाऊ त्यांचे शेअर विकत घेणार होते. दोन्ही बाजूंचे व्हॅल्युअर एकमेकांच्या जवळपासही आले नाहीत, म्हणून दोघांच्या संमतीने मी तिसरा. ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, प्रमाणं साधारण तीच ठेवलीत.

होल्डिंग कंपनीखाली तीन धंदे होते आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या सूचीबद्ध कंपनीत ३८ टक्के, एका खाजगी साखर कारखान्यात ६२ टक्के आणि एक हॉस्पिटल पूर्ण मालकीचं. अशा समूहाच्या सगळ्या नफ्याला एकच पट लावून किंमत काढून चालत नाही. साखरेच्या नफ्याला बाजार जेवढं देतो त्याच्या दुपटीहून जास्त हॉस्पिटलच्या नफ्याला देतो. म्हणून प्रत्येक धंदा वेगळा मोजायचा, त्याचं कर्ज वजा करायचं, आपला हिस्सा काढायचा आणि शेवटी बेरीज. याला 'सम ऑफ द पार्ट्स' म्हणतात.

सूचीबद्ध हिस्सा सोपा. काही महिन्यांच्या सरासरी भावाने ४०० कोटी.

खरी गंमत साखरेत. भावांच्या व्हॅल्युअरने कारखान्याचं ३१ मार्चचं कर्ज, ३०० कोटी, सगळंच्या सगळं वजा केलं होतं. साखरधंदा माहीत असलेला माणूस असं करणार नाही. मार्चअखेर गाळप संपत आलेलं असतं, गोदामं भरलेली असतात आणि त्याच साखरेच्या तारणावर बँकेची उचल कमाल पातळीला असते. सप्टेंबरपर्यंत साखर विकली जाते आणि ती उचल उतरते. त्या ३०० पैकी १७० कोटी मालतारण होतं, म्हणजे ज्याच्यासमोर गोदामात माल पडून आहे असं कर्ज. मी बारा महिन्यांचे बँकेचे उतारे मागवले. मालतारणाची वर्षाची सरासरी निघाली ८० कोटी, मुदतकर्ज १३०, एकूण २१०. ७० कोटींच्या कार्यकारी नफ्याला सहापट लावून ४२०, त्यातून २१० गेले, उरलेल्याचे ६२ टक्के म्हणजे १३० कोटी. त्यांच्या हिशेबात हेच ७४ होते. एका तारखेच्या निवडीने ५६ कोटी उडाले होते.

उलट बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. हॉस्पिटलची जमीन होल्डिंग कंपनीच्या नावावर, भाडं मात्र नाममात्र. ताईंच्या व्हॅल्युअरने हॉस्पिटल नफ्यावर मोजलं आणि जमीन वेगळी धरून पुन्हा मिळवली. जो नफा फुकट जमिनीमुळे फुगला आहे त्याला पट लावायचा, आणि वर जमिनीचे पैसेही घ्यायचे? एकतर बाजारभावाचं भाडं नफ्यातून वजा करून जमीन वेगळी धरा, नाहीतर जमिनीचं नाव काढू नका. मी दुसरा रस्ता घेतला, हॉस्पिटल १२० कोटी.

एकूण ६५०, होल्डिंग कंपनीचं स्वतःचं ३० कोटींचं कर्ज गेल्यावर ६२०. ताईंचे २० टक्के म्हणजे १२४ कोटी. इथपर्यंत कुरकुर झाली, पण दोघांनी मान्य केलं. खरी लढाई त्यानंतरची: भावांना या मूल्यावर होल्डिंग कंपनी म्हणून साठ टक्के सूट हवी होती.

भावांच्या सीएने टेबलावर एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सची बातमी ठेवली. ताजीच होती. होल्डिंग कंपन्यांसाठी सेबीने आखून दिलेल्या खास लिलावात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी बीएसईवर हा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून थेट २,३६,२५० रुपयांवर गेला होता. तिच्याकडची मुख्य मालमत्ता म्हणजे एशियन पेंट्सचे शेअर. "इतकं होऊनही भाव पुस्तकी मूल्याच्या निम्म्याच्या आतच आहे ना? म्हणजे बाजारच साठेक टक्के सूट मागतो. आम्हीही तेच म्हणतोय." त्या हिशेबाने ताईंच्या हातात ५० कोटी.

हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण एल्सिडचा एक शेअर घेणाऱ्याला त्या एशियन पेंट्सच्या शेअरना कधी हात लावता येणार नाही. लाभांश किती खाली झिरपू द्यायचा, हे प्रवर्तक ठरवणार. तो या असहायतेची सूट मागतो. इथे विकणाऱ्या ताई असहाय आहेत हे खरं, पण घेणारे भाऊ उद्या शंभर टक्क्यांचे मालक होणार. ताईंना लाभांश न देण्याचा निर्णय ज्यांचा, त्यांनीच त्याबद्दल सूट मागायची, हे मला पटेना.

मग मी सूट पाठ केलेल्या टक्केवारीने न लावता खालून बांधली. होल्डिंग कंपनीचा स्वतःचा खर्च, संचालकांचे पगार, ऑफिस, ऑडिट, वर्षाला ३ कोटी. कर जाऊन सव्वादोन, १२ टक्क्यांनी भांडवली मूल्य काढलं तर साधारण १९ कोटी. सूचीबद्ध शेअर कधी विकले तर लागणारा कर हा दुसरा भाग. खरेदी जुनी, त्यामुळे ३१ जानेवारी २०१८ चा भाव मूळ किंमत धरायचा. नफा २५० कोटींचा आणि दर साडेबारा टक्के, अधिभार-उपकर धरून चौदाच्या आसपास, म्हणजे ३५ कोटी. विक्री कुणी लगेच करणार नाही, तरी मी सगळा कर धरला. दोन्ही मिळून ५४ कोटी, नऊ टक्केही नाहीत. उरलेल्या ५१ टक्क्यांचं स्पष्टीकरण एकच होतं: समोर बसलेले भाऊ.

बैठकीत ताई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, एवढा कमी भाव आहे ना त्याला? मग रोख नको. कंपनीकडचे १२४ कोटींचे लिस्टेड शेअरच दे मला."

धाकट्याने लगेच मान हलवली. थोरल्याने कॅल्क्युलेटर ओढला. त्यातून कंपनीला लागणारा कर बाजूला ठेवला तरी ३८ टक्क्यांतले जवळपास १२ जाणार, २६ उरणार. पाव भागभांडवलाच्या जेमतेम वर, म्हणजे विशेष ठराव कसाबसा अडवता येईल एवढंच. "ते नाही जमायचं, ताई." साठ टक्के सुटीच्या लायकीचा माल पुऱ्या भावानेसुद्धा सोडायची त्यांची तयारी नव्हती.

दुसरा धक्का ताईंच्याच करसल्लागाराने द्यायला हवा होता, दिला मी. बिगरसूचीबद्ध शेअर प्राप्तिकराच्या नियमाने काढलेल्या मूल्यापेक्षा स्वस्तात विकले, तर तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ५०सीए ते नियमातलं मूल्यच विक्रीची किंमत धरायचं. त्या सूत्रात सूचीबद्ध शेअर बाजारभावाने, जमीन मुद्रांकाच्या दराने, आणि होल्डिंगच्या सुटीला जागाच नाही. ताईंच्या हिश्शाचं ते मूल्य ११८ कोटी निघालं. म्हणजे हातात ५० येणार, कर ११८ वर. साडेसातऐवजी साडेसतरा कोटी. भाऊ-बहीण असल्याने घेणारे सुटतात, विकणारी सुटत नाही. त्या सल्लागाराने हे एकदाही काढलं नव्हतं, फी मात्र टक्केवारीत ठरवली होती.

शेवटी मी १५ टक्क्यांवर आलो. नऊ वर सांगितलेले, आणि सहा साखर-हॉस्पिटलच्या शेअरना खुला बाजार नाही म्हणून, त्या २५० कोटींवर १५ टक्के, सुमारे ३७ कोटी. ताईंना १०६ कोटी, तीन हप्त्यांत. दोघांनी सह्या केल्या.

नऊ टक्क्यांचा प्रत्येक रुपया मी दाखवू शकतो. त्या ३७ कोटींचं तसं नाही. सूचीबद्ध कंपन्यांच्या पटीवरून बिगरसूचीबद्ध धंदा मोजला की काहीतरी कापायला हवं, हे पटतं. पण १५ का, १० का नाही, किंवा भाऊ हे शेअर कधी विकणारच नसतील तर शून्य का नाही? अहवालात मी 'प्रचलित पद्धतीनुसार' असं लिहिलं आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांपैकी कुणीही त्यावर बोट ठेवलं नाही. ताईंच्या वाट्याला ते साडेसात कोटी येतात.