फ्लास्क, चोवीस तास आणि स्टाईल गाइड

सोमवार

आज हातात आलेलं काम दिसायला किरकोळ होतं. विक्रीच्या पानासाठी एका व्हॅक्यूम फ्लास्कचं वर्णन लिहायचं, जास्तीत जास्त शंभर शब्दांत. सोबत पुरवठादाराने पाठवलेला मजकूर, चाचणीचा अहवाल आणि आपली नेहमीची स्टाईल गाइड. पुरवठादाराचा मजकूर असा:

"अत्याधुनिक तंत्रज्ञानाने सुसज्ज असा हा प्रीमियम फ्लास्क आपले पेय २४ तास गरम व थंड ठेवतो. १००% लीकप्रूफ, आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित आणि बीपीए-मुक्त."

फ्लास्कच्या जागी कुकर किंवा हेल्मेट घातलं तरी यातलं निम्मं तसंच खपून जाईल. गाइडमध्ये टाळायच्या शब्दांची एक लांबलचक यादी आहे आणि अत्याधुनिक, प्रीमियम, सर्वोत्तम ही मंडळी त्यात अगदी वर बसली आहेत. मला ती यादी आधी जाचक वाटायची, कारण शब्द काढून टाकला की वाक्य नुसतं ओकंबोकं उरतं. पण यादीच्या शेजारी आणखी एक रकाना आहे आणि खरी गंमत तिथे आहे. 'अत्याधुनिक'समोर त्यात लिहिलंय: "कोणतं तंत्र? ते काय करतं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं की लिहायला काहीतरी मिळतं. फ्लास्कला स्टीलच्या दोन भिंती असतात आणि त्यांच्या मधली हवा काढून घेतलेली असते. हवाच नाही म्हटल्यावर उष्णता वाहून नेणार कोण? त्यामुळे भिंतींतून ती फार कमी निसटते. बरीचशी जाते ती तोंडातून आणि झाकणातून. म्हणून झाकण नीट लागलंय की नाही याला एवढं महत्त्व. एवढं कळल्यावर 'अत्याधुनिक'च्या जागी एक साधं वाक्य आलं, आणि ते कुकरला लागू पडत नाही.

मग '२४ तास'. संपादक मॅडमनी मजकुरावर नजर टाकली आणि तिथेच बोट ठेवलं.

"हे चोवीस कुठून आले?"

"पुरवठादाराच्या मजकुरातून."

"अहवालात काय म्हटलंय ते बघ. गाइडप्रमाणे आकडा घ्यायचा तो अहवालातूनच."

अहवाल उघडला. खोलीचं तापमान २० अंश सेल्सिअस, फ्लास्क पूर्ण भरलेला, झाकण घट्ट. ९५ अंशांचं पाणी ६ तासांनी ७६ अंशांवर, १२ तासांनी ६२ वर आणि २४ तासांनी ४३ वर. आता ४३ अंशांच्या पाण्याला गरम म्हणायचं का? प्यायला कोमट लागेल. पुरवठादार खोटं बोललाय असंही नाही, कारण पाणी खोलीपेक्षा गरम आहेच. पण फ्लास्क घेणाऱ्याच्या मनातलं 'गरम' हे नव्हे.

आकडे आपसात जुळतात का तेही पाहून घेतलं. सुरुवातीला पाणी खोलीपेक्षा ७५ अंशांनी गरम होतं. १२ तासांनी हा फरक ४२ वर आला, म्हणजे ५६ टक्के उरला. पुढच्या १२ तासांत ४२ चे ५६ टक्के उरायला हवेत, म्हणजे साधारण २३.५. त्यात खोलीचे २० मिळवले की ४३.५ होतात. अहवालात ४३ आहे. जुळलं. असा ताळा अहवाल खरा असल्याचा पुरावा होत नाही, पण टाईप करताना कुणी आकडा इकडचा तिकडे केला असेल तर तो इथे सापडतो.

मंगळवार

आजचा दिवस 'थंड'ने खाल्ला.

'२४ तास गरम व थंड' असं एका दमात लिहायची पद्धत पडलीय, जणू दोन्ही एकच. अहवालात ४ अंशांचं पाणी १२ तासांनी ११ अंशांवर पोचलंय. फरकाचा हिशोब तोच आहे: खोली आणि पाणी यांत १६ अंशांचं अंतर होतं, त्यातलं ९ उरलं. ऐकायला छान वाटतं, पण ती खोली २० अंशांची होती. ३५ अंशांच्या खोलीत सुरुवातीचं अंतरच ३१ होतं आणि त्याच हिशोबाने ते पाणी १२ तासांत १७-१८ अंशांवर जाईल. गरम पाण्याचं उलट, उकाड्यात ते जरा जास्तच टिकेल. म्हणजे चाचणीच्या खोलीचं तापमान सांगितल्याशिवाय यातला कुठलाच आकडा पुरा होत नाही.

इथे गाइड स्वतःशीच भांडू लागली. एका ठिकाणी म्हणते, वाक्य पंधरा शब्दांच्या आत ठेवा. दुसरीकडे म्हणते, प्रत्येक दाव्याला त्याची अट जोडा. किती अंशांचं पाणी, किती भरलेलं, किती वेळ, खोली किती अंशांची, हे सगळं कोंबलं की वाक्य पस्तीस शब्दांचं होतं आणि वाचणाऱ्याला धाप लागते. अट तळटीपेत ढकलावी, तर गाइड तिथेही आडवी येते: पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत अट देऊ नये, दाव्याच्या लगेच खाली द्यावी. मला हा नियम पटतो. खालची बारीक अक्षरं कोण वाचतं?

गाइडच्या पहिल्याच पानावर, सगळे सोडून देतात त्या भागात, प्राधान्यक्रम दिलाय. नियम एकमेकांना भिडले तर आधी सुरक्षितता, मग खरेपणा, मग स्पष्टपणा आणि सर्वांत शेवटी लांबी व एकसारखेपणा. त्यामुळे मार्ग निघाला. जी अट वापरणाऱ्याच्या हातात आहे, म्हणजे फ्लास्क पूर्ण भरणं आणि झाकण घट्ट लावणं, ती सूचना म्हणून वाक्यात आली. खोलीचं तापमान त्याच्या हातात नाही, ते लगेच खालच्या छोट्या ओळीत गेलं.

पूर्ण भरायला सांगणं ही निव्वळ कायदेशीर पळवाट नाही बरं का. अर्ध्या फ्लास्कमध्ये पाणी कमी, म्हणजे त्यात साठलेली उष्णताही कमी. झाकणातून ती बाहेर पडण्याची वाट मात्र तेवढीच राहते. म्हणून अर्धा भरलेला फ्लास्क लवकर निवतो, आणि मग लोक तक्रार लिहितात की वर्णनात सांगितलं तसं होत नाही.

'१००% लीकप्रूफ'मधला टक्का काढला. गळण्याचे टक्के कसे मोजणार? अहवालात फ्लास्क आडवा आणि उलटा ठेवून पाहिलाय, गळती नाही. तेवढंच लिहिलं. मात्र तिथेच खाली सूचना आहे की फसफसणारी पेयं भरू नयेत, कारण वायूने आत दाब वाढतो आणि उघडताना झाकण उडू शकतं. पुरवठादाराच्या मजकुरात याचा पत्ता नव्हता. सुरक्षितता पहिल्या क्रमांकावर असल्यामुळे ही ओळ शब्दमर्यादेत बसो न बसो, राहणारच.

बुधवार

'बीपीए-मुक्त' गेलं. बीपीए हे रसायन पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमध्ये आणि काही प्रकारच्या लेपांमध्ये सापडतं. उघड्या स्टीलमध्ये ते असण्याचा प्रश्नच नाही आणि हे झाकण पॉलिप्रॉपिलीनचं आहे, ते बनवायला बीपीए लागतच नाही. जे असणारच नव्हतं ते नसल्याची जाहिरात करू नये, असं गाइडचं कलम आहे. 'आरोग्यासाठी सुरक्षित'साठी प्रमाणपत्र लागतं, फाइलमध्ये ते नाही. त्याऐवजी आतला भाग ३०४ ग्रेड स्टीलचा असल्याचं लिहिलं. यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, म्हणून त्यालाच १८/८ असंही म्हणतात. डब्यावर ३०४ छापलंय, मग वर्णनातही तेच. एकाच वस्तूला दोन जागी दोन नावं दिली की वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

शीर्षकाने मात्र डोकं पिकवलं. मर्यादा ६० अक्षरांची. मी लिहिलं: "स्टेनलेस स्टील व्हॅक्यूम फ्लास्क, ७५० मिली, गडद निळा, कप-झाकणासह". डोळ्यांना पन्नाशीच्याही आत वाटतं, पण शीर्षक टाईप करायच्या खोक्याने ६४ दाखवून लाल केलं. कारण खोकं आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं मोजतं. 'फ्लास्क' उच्चारायला दोन अक्षरं, पण खोक्याच्या हिशोबी सात: फ, हलन्त, ल, काना, स, हलन्त, क. मर्यादा ओलांडली की यंत्रणा मधूनच कापते आणि कधीकधी पाय मोडकाच राहतो, 'फ्लास्' असा. ६० चा नियम इंग्रजी शीर्षकांकडे बघून ठरवलेला दिसतो आणि मराठीला तो अन्यायकारक आहे, हे माझं मत मी गाइडच्या सूचनापत्रात नोंदवलंय. तोवर 'स्टेनलेस' काढलं आणि आकडा ५५ वर आला. ग्रेड खाली दिलेलीच आहे, त्यामुळे माहिती हरवली नाही.

शुक्रवार

मॅडमनी पाहून परत पाठवलेला मसुदा. गाइडमध्ये 'केलं' नाही, 'केले' लिहायचं, म्हणून हा माझ्या रोजच्या बोलण्यापेक्षा जरा इस्त्रीचा वाटतो:

"दोन भिंतींमधली हवा काढून घेतल्याने आतली उष्णता हळू बाहेर जाते. फ्लास्क पूर्ण भरा आणि झाकण घट्ट लावा. ९५ अंशांचे पाणी १२ तासांनी ६२ अंशांवर राहते. ४ अंशांचे पाणी तेवढ्या वेळात ११ अंशांवर येते.
चाचणी २० अंश सेल्सिअसच्या खोलीत.
झाकण घट्ट असेल तर आडवा पडला तरी गळत नाही. फसफसणारी पेये भरू नका. दाबामुळे झाकण उडू शकते. आतला भाग ३०४ ग्रेड स्टीलचा, झाकण पॉलिप्रॉपिलीनचे."

पुरवठादाराच्या मजकुरासमोर हे रुक्ष दिसतं, मान्य. पण हे वाचून फ्लास्क घेणारा माणूस परत करायला येईल तेव्हा कारण रंग किंवा आकार असेल, कोमट पाणी नसेल.

एक गोष्ट लटकली आहे. शीर्षकात ७५० मिली आहे, पण ते काठोकाठचं माप की झाकण बसल्यावरचं, हे अहवालात नाही. झाकणाचा आतला भाग खाली बराच उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात मावणारं पाणी कमीच भरणार. "पूर्ण भरा" म्हणून आपणच सांगायचं आणि भरल्यावर झाकण लावताना पाणी सांडायचं, हे बरं नाही. पुरवठादाराला मेल केली आहे. मॅडम म्हणाल्या, सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही तर नमुना मागवून मापाने पाणी ओतून बघ आणि जो आकडा येईल तो लिही. तोवर पान प्रकाशित होणार नाही.