एका हाताचा नकाशा

घराचे बांधकाम सुरू असताना मालकाचे पत्र येणे ही आमच्या व्यवसायात नवी गोष्ट नाही. खोली थोडी मोठी करा, खिडकी पलीकडे घ्या, कपाटाला जागा काढा, अशा मागण्या त्यात असतात आणि त्यांची उत्तरेही ठरलेली असतात. मात्र काही काळापूर्वी आलेले एक पत्र मी आजही मधूनमधून काढून वाचतो, कारण त्यात विचारलेल्या एका प्रश्नाचे पूर्ण उत्तर मला अजून देता आलेले नाही.

नकाशा मंजूर झाला तेव्हा तळमजल्यावरची झोपण्याची खोली मालकाच्या वडिलांसाठी ठेवली होती. ते त्या वेळी स्वतःच्या पायांनी सगळीकडे हिंडत होते. जोत्याच्या पातळीचे प्लिंथ बीम ओतून झाले, भराव घालून ठोकला आणि भिंतींचे दोन-तीन थर वर आले, त्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा झटका आला. डावा हात निकामी झाला आणि डाव्या पायात थोडीच शक्ती उरली. त्यानंतर मुलाने हे पत्र लिहिले.

पत्राचा मधला भाग असा होता : ‘बाबा आता उजव्या हातात चार पायांची काठी घेऊन चालतात. डाव्या पावलाचा चवडा नीट उचलला जात नाही, त्यामुळे तो लहानशा उंचवट्यालाही अडकतो. रात्री ते स्वच्छतागृहात जायला उठतात, तेव्हा मी त्यांच्यामागे चालत राहून त्यांचा उजवा हात कुठेकुठे जातो हे पाहिले आहे. आपल्या नकाशात कमोडच्या डाव्या भिंतीवर आधाराची दांडी दाखवली आहे. ती त्यांच्या उपयोगाची नाही. कृपया पलंगापासून कमोडपर्यंत आणि कमोडपासून पुन्हा पलंगापर्यंत, प्रत्येक पावलाला त्यांच्या उजव्या हातात काय असेल, ते नकाशावर दाखवावे.’

ज्येष्ठांची खोली काढताना आमच्याकडे बहुतेक जण तयार चिन्ह उचलून नकाशात ठेवतात : एक कमोड, शेजारच्या भिंतीवर एक दांडी, झाले काम. ती दांडी कोणत्या बाजूला यावी हे सांडपाण्याचा चेंबर कुठे आहे त्यावरून ठरते, माणसावरून नाही, कारण कमोड बाहेरच्या भिंतीजवळ ठेवला की पाइप कमी लागतो. या नकाशातही दारातून आत शिरताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात कमोड होता आणि त्यामागचे कारण चेंबर हेच होते. धडधाकट माणसाच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नव्हते. पण दाराकडे तोंड करून कमोडवर बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला ती भिंत येते, आणि या गृहस्थांचा डावा हात तर गेलेला.

म्हणून कमोड समोरच्या, म्हणजे आत शिरताना डावीकडे येणाऱ्या कोपऱ्यात न्यायचे ठरले. ठेकेदाराने लगेच ‘आता ते होणार नाही’ असे सांगून टाकले. काम एकदा झाले की ते न बदलण्याची कारणे शोधण्यात ही मंडळी जितकी बुद्धी खर्च करतात, तितकी बदल करण्याच्या वाटा शोधण्यात खर्च केली तर निम्मे वाद मिटतील. वस्तुस्थिती साधी होती. स्वच्छतागृह २.४ मीटर लांब आणि १.८ मीटर खोल. बाजूच्या भिंतीपासून कमोडच्या मध्यापर्यंत ४५० मिलिमीटर अंतर ठेवतात, म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेताना तो १५०० मिलिमीटर सरकणार. मैलापाण्याच्या पाइपला चाळीसास एक असा उतार धरला, तर एवढ्या लांबीत पाइपचे आतले टोक जेमतेम ३८ मिलिमीटर वर येते. प्लिंथची उंची ४५० मिलिमीटर आणि खाली सगळा भराव असल्यामुळे ती उंची सहज सामावून घेता येत होती. वरच्या मजल्यावर स्लॅब ओतल्यानंतर असा बदल खरोखरच अवघड झाला असता, पण तळमजल्यावर कोबा होण्याआधी त्यासाठी फक्त भराव उकरावा लागतो. मी एकच अट घातली की पाइप प्लिंथ बीमच्या खालून पूर्वीच्याच जागी बाहेर जाईल आणि नवे भोक पाडायला कोणीही बीमला छिन्नी लावणार नाही.

आता जाण्याचा आणि येण्याचा मार्ग. दाराची जागा स्वच्छतागृहाच्या डाव्या भिंतीलगत सरकवली. त्यामुळे कमोडवरून उठल्यावर उजव्या हाताला जी भिंत येते तीच पुढे दारातून झोपण्याच्या खोलीत जाते आणि तिच्यावरची दांडी, चौकटीपाशी थोडा खंड सोडला तर, सलग पलंगापर्यंत नेता येते. परतीचा प्रश्न सुटला. या रचनेत दार उघडे असताना पलंगावरून कमोड समोर दिसतो. आमच्यातल्या अनेकांना हे अजिबात खपत नाही, पण अर्धवट झोपेतून उठणाऱ्या माणसाला कुठे जायचे ते थेट दिसावे, ही मुलाची मागणी मला आमच्या नजरेच्या सोयीपेक्षा अधिक मोलाची वाटली.

दाराच्या रुंदीवर पत्रात एकच ओळ होती, पण तिथे हमखास गफलत होत असल्याने मी तपशिलात जातो. नकाशावर ‘९०० चे दार’ लिहिलेले असते ती भिंतीतली मोकळी जागा. दोन्हीकडच्या चौकटीचे साठ-साठ मिलिमीटर गेले की ७८० उरतात, आणि बिजागरीचे दार काटकोनात उघडल्यावर त्याच्या जाडीचे आणखी ३५ जातात. हाती राहतात ७४५, आणि पुढे चाकाची खुर्ची आली तर ती चालवणाऱ्या हातांची बोटे तिथेच सोलवटतात. आम्ही भिंतीत १०५० ची जागा सोडली आणि दार वरच्या रुळावर टांगलेले, बाजूला सरकणारे घेतले. आत उघडणारे दार तर अशा खोलीला देऊच नये, कारण माणूस आत दाराला लागून पडला तर बाहेरून ते उघडता येत नाही. अशा वरून टांगलेल्या दाराला खालचा रूळ नसतो, म्हणून पाऊल अडकायलाही काही राहत नाही.

पावलाचा विषय निघालाच आहे, तर फरशीबद्दलही सांगतो. स्वच्छतागृहाची फरशी बाहेरच्यापेक्षा खाली घ्यायची आणि मध्ये उंबऱ्याचा दगड बसवायचा, ही गवंड्यांची इतकी जुनी सवय आहे की नकाशात समपातळी लिहूनही हात आपोआप तिकडेच जातो. चवडा घासत चालणाऱ्या माणसाला पंधरा मिलिमीटरचा उंबरासुद्धा पाडू शकतो. आम्ही कमोडची बाजू खोलीच्या पातळीतच ठेवली, उतार फक्त आंघोळीच्या कोपऱ्यात दिला आणि पाणी या बाजूला येऊ नये म्हणून मध्ये लांबट जाळी घातली.

मार्गातला अवघड टप्पा मात्र आत शिरतानाचा आहे. येताना ज्या भिंतीचा आधार उजव्या हाताला मिळतो, तीच भिंत जाताना डाव्या हाताला येते. दोन्ही हात चालणाऱ्या माणसाला हे कधी जाणवतही नाही, आणि एका बाजूला दांडी लावून ‘आधाराची सोय’ लिहिणाऱ्यांनाही ते जाणवलेले नसते. म्हणून दारातून आत येताच उजव्या कडेला एक उभी दांडी दिली, आणि कमोडच्या दुसऱ्या अंगाला मागच्या भिंतीवर घडी होणारी, खाली पाडली की पुढे येणारी आडवी दांडी घेतली. बसलेल्या माणसाच्या ती डावीकडे असली तरी आत येणाऱ्या माणसाच्या उजवीकडे असते, आणि चाकाच्या खुर्चीवरून कमोडवर सरकण्याची वेळ आली तर वर उचलून बाजूला करता येते. उभ्या दांडीपासून या दांडीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर उरतो. तेवढा काठीवर पार करायचा.

इथे मुलाने पत्रात लिहिलेली एक गोष्ट उपयोगी पडली. दांडी धरण्यासाठी बाबांना काठी सोडावी लागते, ती भिंतीला टेकवली की घसरून पडते आणि ती उचलायला ते वाकतात. पडण्याचा सर्वांत मोठा धोका त्याला याच क्षणी वाटत होता. हात एकच असेल तर काठी आणि दांडी यांतली एकच वस्तू एका वेळी धरता येते, ही इतकी उघड गोष्ट मी कोणत्याही नकाशात मांडलेली पाहिली नाही. चार पायांची काठी आपली आपण उभी राहते, पण त्यासाठी तिला चालण्याच्या वाटेबाहेर सपाट जागा हवी. घडीच्या दांडीच्या पलीकडे तेवढी जागा सोडून बेसिन आम्ही पुढच्या भिंतीवर, दाराच्या उभ्या दांडीपलीकडे नेले.

भिंतीची ताकद हा वेगळाच मुद्दा. कमोडची बाजूची भिंत अर्ध्या विटेची, ११५ मिलिमीटर जाडीची होती. अशा भिंतीत टाइल्स लावून झाल्यावर दोन स्क्रू मारून बसवलेली दांडी टॉवेलचे वजन पेलते, पण तोल गेलेल्या माणसाने झटक्याने सगळा भार टाकला की विटेसकट निघून येते. दांडी हलू लागली की माणसाचा तिच्यावरचा विश्वास उडतो आणि तो नळ, बेसिन, दाराची कड असे काहीही धरू लागतो. बांधकाम खालीच असल्याने आम्हाला त्या भिंतीत काँक्रीटचा सळई घातलेला पट्टा ओतता आला. प्लंबरला त्या भिंतीवर झिरी मारण्यास मनाई केली, कारण एवढ्या पातळ भिंतीत पाइपसाठी चाळीस मिलिमीटरची खाच पाडली तर तिची एक तृतीयांश जाडी जाते. तो नाराज झाला. त्याला पाइप दुसऱ्या भिंतीतून फिरवून आणावे लागले.

आणि आता तो प्रश्न. आत येऊन घडीची दांडी उजव्या हाताने धरली, इथवर ठीक आहे. पण बसण्यासाठी वळून पाठ कमोडकडे करावी लागते, आणि वळल्यावर तीच दांडी निकामी हाताच्या बाजूला जाते. उजव्या हाताने ती सोडायची आणि भिंतीवरची दांडी पकडायची. या दोन पकडींच्या मध्ये, सगळे शरीर वळत असताना, तो एकुलता हात रिकामा असतो. दोन दांड्यांमधले अंतर कमी केले तर वळायला जागा पुरत नाही, वाढवले तर हात पोचत नाही. मी कागदावर अनेक रचना मांडून पाहिल्या, एका फिजिओथेरपिस्टशी बोललो. तिचे म्हणणे पडले की वळताना दुबळ्या पायावर किती भार टाकता येतो यावर सगळे अवलंबून आहे, आणि ते महिन्या-महिन्याने बदलेल.

मुलाला मी तसेच लिहून कळवले. सुधारित नकाशात पलंगापासून कमोडपर्यंतचा आणि परतीचा मार्ग वेगवेगळ्या रेघांनी काढून प्रत्येक टप्प्याला उजव्या हाताचा आधार लिहिला, आणि वळण्याच्या जागी आधार नाही असेही स्पष्ट लिहिले. तिथे कोणीतरी सोबत असले पाहिजे, हे नकाशावरच नमूद केले. काँक्रीटचा पट्टा नेहमीसारखा दांडीच्या उंचीपुरता न ठेवता फरशीपासून ६०० ते १००० मिलिमीटर उंचीपर्यंत आणि भिंतीच्या पूर्ण लांबीत घेतला आहे, म्हणजे बाजूची दांडी पुढेमागे किंवा वरखाली कुठेही बसवता येईल. टाइल्स लागल्यावर, पण दांड्या बसवण्याआधी, बाबांना तिथे आणून, मुलगा आणि फिजिओथेरपिस्ट दोघांनी धरून, कमोडपाशी वळायला सांगायचे आणि त्यांचा हात भिंतीवर जिथे पडेल तिथे खूण करायची, असे ठरले आहे.