आवक खिडकी, मराठी अर्ज आणि इंग्रजी प्रत

केंद्र सरकारचं एक कार्यालय, आपल्या सोलापुरातलंच. कुठलं ते लिहीत नाही. आईच्या नावात दुरुस्ती करायची होती. त्यांच्या नोंदीत अजून माहेरचं नाव, आधारवर सासरचं. दुरुस्तीचा अर्ज देऊन बरेच महिने झाले तरी दर वेळी उत्तर एकच, "साहेबांकडं आहे." शेवटी माहिती अधिकार टाकायचं ठरवलं.

अर्ज मराठीत लिहिला. पण तिथले जन माहिती अधिकारी दुसऱ्या राज्यातले, मराठी येत नाही. अर्ज भाषांतरासाठी कुठंतरी पडून राहू नये म्हणून सोबत इंग्रजी प्रत जोडली. तिच्या डोक्यावर ठळक लिहिलं की मूळ अर्ज मराठीत आहे, ही प्रत फक्त सोयीसाठी आहे आणि दोन्हींत फरक वाटला तर मराठी मजकूर धरावा. मुद्द्यांचे क्रमांक दोन्हीकडं तेच ठेवले. सही मात्र फक्त मराठी अर्जावर.

ही सहीच पुढं कामाला आली.

आवक खिडकीवरच्या बाबूंनी कागद बघितला आणि म्हणाले, "मराठी नहीं चलेगा. हिंदी या अंग्रेजी में दीजिए." मी कायद्याचं कलम ६(१) दाखवलं. तिथं इंग्रजी, हिंदी किंवा अर्ज जिथं केला जातो त्या भागाची राजभाषा, असं स्वच्छ लिहिलंय. कार्यालय केंद्राचं असलं तरी उभं सोलापुरात आहे, म्हणजे मराठी चालते. बाबूंनी ते वाचलं, शेजारच्या टेबलाला विचारून आले आणि मग त्यांची नजर इंग्रजी प्रतीवर गेली. चेहरा खुलला. "ये तो है ना! इसपे साइन करो, मैं ले लेता हूँ." आणि मराठी अर्ज माझ्याकडं सरकवला.

आता तुम्ही म्हणाल, घेतायत ना, मग द्यायची की सही. इथंच मी अडून बसलो. इंग्रजीवर शिक्का बसला की तोच मूळ अर्ज होतो आणि मराठीची गिनती राहत नाही. उद्या अपिलात गेलो तर माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवरच सगळा कीस पडणार. शिवाय हक्काची गोष्ट आपणच का सोडायची? मी म्हटलं, शिक्का मराठीवर मारा, इंग्रजी जोडपत्र म्हणून घ्या. ते नाही म्हणाले. म्हटलं, मग मराठी अर्ज घेत नाही एवढं लिहून द्या. अर्ज घ्यायलाच नकार दिला तर कलम १८ खाली थेट माहिती आयोगाकडं तक्रार करता येते, त्यासाठी मला ते हवं होतं. लिहून कोण देतंय! "साहब मीटिंग में हैं," म्हणून खिडकीवरनं उठलेच. एप्रिलचं ऊन, पंखा फक्त आतल्या बाजूला, रांगेतले लोक माझ्याकडंच रागानं बघायला लागले.

खरं सांगतो, मला खिडकीवर जिंकायचंच होतं. पण बाहेर पडल्यावर सरळ पोस्टात गेलो आणि तेच कागद, तसेच, स्पीड पोस्टानं पाठवले. लिफाफ्यावर "केंद्रीय जन माहिती अधिकारी" हे पद लिहिलं, माणसाचं नाव नाही. ट्रॅकिंगवर पोचल्याची तारीख दिसते, तिचा कागद काढून ठेवा. तीस दिवस तिथून मोजायचे. आता मी कुणालाही आधी पोस्टच सांगतो, खिडकी नंतर.

फीचं राहिलंच. राज्याच्या कार्यालयाला आपण दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवतो. केंद्राच्या कार्यालयाला ते चालत नाही. दहाची पोस्टल ऑर्डर घ्या, लेखा अधिकाऱ्याच्या नावानं, आणि तिचा नंबर अर्जात लिहा. आपल्याकडची १५० शब्दांची मर्यादाही राज्याच्या नियमांतली. केंद्राकडं सर्वसाधारणपणे ५०० शब्द चालतात. मला तेवढे लागलेच नाहीत.

मी विचारलंच थोडकं. "काम का झालं नाही?" असं विचारलं की उत्तर टोलवता येतं, कारण माहिती म्हणजे त्यांच्या दप्तरात असलेला कागद. म्हणून मागितलं ते असं: दुरुस्तीच्या अर्जावरची टिपणीची सगळी पानं, अर्ज कुठल्या तारखेला कुणाच्या टेबलावर गेला त्याची नोंद, त्या अधिकाऱ्यांची नावं-पदं, आणि अशा दुरुस्तीला किती मुदत ठरवली आहे त्या आदेशाची प्रत.

मुदतीच्या आत पत्र आलं, पानाला दोन रुपये भरा म्हणून. भरले. टिपणीची पानं इंग्रजीतच होती. माहिती दप्तरात असेल त्याच भाषेत मिळते, भाषांतर करून द्यायला ते बांधील नाहीत, तेव्हा त्यावर भांडू नका. साहेबांकडं काही गेलंच नव्हतं. एका टेबलावर "विवाह प्रमाणपत्र मागवावे" असा शेरा मारून फाइल ठेवलेली, आणि ते मागवणारं पत्र कधी निघालंच नाही.

मी प्रमाणपत्राची प्रत त्या शेऱ्याच्या झेरॉक्ससह नेऊन दिली. त्याच खिडकीवर, मराठी पत्र जोडून. या वेळी शिक्का मारला.

उत्तर आलं नसतं तर पहिल्या अपिलाचा कागदही तयार होता. राज्यात त्याला वीस रुपयांचं तिकीट लागतं, केंद्राकडं काहीच फी नाही.