आमची वाटचाल : वाघ, पंखा आणि मोबाइल

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या छोट्या साउंड स्टुडिओत आधी जाहिराती आणि फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा' छापाचं काम चालायचं. मग मुलांना झोपवताना लावायच्या गोष्टींचे व्हिडिओ करणारे लोक येऊ लागले आणि आता तेच मुख्य काम आहे. पैसे जाहिरातींपेक्षा कमी, पण काम सलग मिळतं.

यातलं खरं शिक्षण एका वाघाने दिलं. गोष्ट भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची. वाघाची गुरगुर आमच्या मोठ्या स्पीकरवर अशी घुमायची की टेबलावरचा कप थरथरायचा. दुसऱ्या दिवशी चॅनलवाल्या ताईंचा फोन आला, "दादा, वाघ कुठाय?" मोबाइलवर लावून पाहिलं, तर खरंच नव्हता. त्या गुरगुरीचा बहुतेक जीव 200 हर्ट्झच्या खाली होता आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढा खाली उतरत नाही. जे वाजतच नाही, त्याचा आवाज वाढवून काय होणार? शेवटी आमच्या एका पोराने रिकाम्या माठात तोंड घालून घशातून खरखर काढली. तिच्यात 500 ते 1000 हर्ट्झचा भाग भरपूर होता. ती मूळ गुरगुरीवर चढवली आणि वाघ मोबाइलमध्ये आला.

तेव्हापासून शेवटची तपासणी मोबाइलवरच, तीही पंखा लावून. ठाण्यातल्या उकाड्यात पंख्याशिवाय मूल झोपवतंय कोण? पंख्याची सरसर कुजबुजीला गिळून टाकते, कारण कुजबुजीत कंठ वाजत नाही, नुसता वारा असतो. म्हणून आमच्या निवेदिका ताई कुजबुजत नाहीत. त्या माइकच्या जवळ येऊन हळू, पण कंठातून बोलतात. माइक तोंडाच्या जरा बाजूला ठेवतो, नाहीतर 'भोपळा' म्हणताना 'भ'चा फटका बसतो.

भोपळ्यासाठी सोललेला नारळ लाकडी पाटावर घरंगळवला. निवेदनाखाली तो आवाज साधारण 12 ते 15 डेसिबल खाली ठेवतो आणि एकदम सुरू न करता हळूहळू वर आणतो. अचानक 'धप्प' झालं की पेंगुळलेलं मूल टक्क जागं! शेवटच्या काही मिनिटांत वाघ नाही, भोपळा नाही, फक्त रातकिडे आणि ताईंचा आवाज.

काही जण सांगतात, झोपेची गोष्ट आहे, सगळंच बारीक ठेवा. तिथे आम्ही हुज्जत घालतो. यूट्यूब मोठ्या आवाजाचा व्हिडिओ खाली आणतं, पण बारीक आवाजाचा वर नेत नाही. मग आई मोबाइलचा आवाज वाढवते आणि पुढची जाहिरात कानठळ्या बसवते. त्यामुळे निवेदनाच्या आवाजाची सरासरी आम्ही उणे 14 एलयूएफएसच्या आसपासच ठेवतो; एलयूएफएस म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप. चढउतार कमी असला की गोष्ट शांतच वाटते.

फाइल देताना निवेदन आणि आवाज वेगवेगळे देतो. पुष्कळ जण नंतर स्वतःचं संगीत घालतात आणि तेव्हा पहिली कात्री आमच्या रातकिड्यांवर चालते.