स्पीड तेवढाच, मग दुरुस्त काय केलं?

शिफ्टिंगचे अर्ज आमच्याकडे बहुतेक एका ओळीचे येतात: घर बदललं, नेट तिकडे लावून द्या. मजला कोणता, राउटर कुठल्या खोलीत हवा, काही पत्ता नाही. मे महिन्यात मनीष नगरच्या एका ताईंचं पत्र आलं, ते वेगळं होतं. ग्राहक क्रमांक, जुना पत्ता, बेसा भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटचा पत्ता, घरमालकाचं संमतिपत्र, आणि खाली अट:

"नवीन फ्लॅटमध्ये आधी स्पीड तपासावा. तपासणी लॅपटॉपला केबल लावून करावी, वायफायवर नको. माझा प्लॅन 200 एमबीपीएसचा आहे. 150 च्या खाली आल्यास शिफ्टिंग करू नये व जुनं कनेक्शन 31 तारखेपर्यंत चालू ठेवावं."

ऑफिसात एकानं वाचून म्हटलं, "बाप्पा, केवढ्या अटी!" पण अट रास्त होती. बेसा आमच्या दुसऱ्या मशीनवर येतं. शिफ्टिंग करताना मोडेमचा सीरियल नंबर जुन्या पोर्टवरून काढून नव्या पोर्टवर चढवावा लागतो. तो काढला की जुन्या घरातलं नेट त्याच क्षणी बंद. नव्या जागी काही बिघडलं तर ग्राहक दोन्हीकडून गेला. म्हणून आम्ही टेस्टिंगचा वेगळा मोडेम घेऊन गेलो.

फ्लॅटमध्ये बिल्डरनं आधीच फायबर टाकून ठेवलेली होती. मोडेम लावला, लॅपटॉपला केबल जोडली, स्पीड आला 196. (इथे एक फसगत नेहमी होते. केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतील तर स्पीड 100 च्या वर जातच नाही, आणि शिव्या कंपनीला पडतात.) माझ्यासोबतचा पोरगा बॅग भरू लागला. "झालं ना भाऊ, अट पूर्ण."

पत्राच्या हिशेबानं झालंच होतं. तरी मोडेमची पिन काढून प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली, मीटर 1490 नॅनोमीटर तरंगलांबीवर ठेवून. आकडा आला उणे 26.6 डीबीएम; उणे आकडा जेवढा मोठा, तेवढा प्रकाश कमी. तळमजल्यावरच्या बॉक्समध्ये तो उणे 19.4 होता. मधली फायबर जेमतेम 40 मीटर, तिच्यात प्रकाश 0.01 डीबीएवढाच कमी व्हायला हवा. दोन्ही टोकांच्या पिनांचा तोटा मोकळ्या हातानं धरला तरी एक डीबी. इथे सात गेले होते, म्हणजे बॉक्समधला जेमतेम पाचवा हिस्सा प्रकाश वर पोहोचत होता.

आणि तरी स्पीड 196! फायबरची हीच गंमत. तांब्याच्या लाइनसारखा तिचा स्पीड हळूहळू उतरत नाही. मोडेमला ओळखता येईल एवढा प्रकाश मिळतो तोवर आकडा पूर्ण येतो. ती हद्द साधारण उणे 27 च्या आसपास असते. तिच्याखाली चुका वाढतात, लाइन सारखी तुटते, लाल दिवा लागतो. आमची लाइन काठावर उभी होती. पिनेवर थोडी धूळ, नाहीतर फर्निचरवाल्यानं वायरला दिलेला एक धक्का, एवढं पुरे होतं.

भिंतीवरचा डबा उघडला. बिल्डरच्या माणसानं निळी पिन लावली होती, डब्यातून मोडेमला जाणाऱ्या आमच्या पॅचकॉर्डची हिरवी. दोन्ही एकमेकांत आरामात बसतात, तिथंच घोळ होतो. हिरव्या पिनेचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं आणि निळीचं तसं नसतं, त्यामुळे मध्ये हवेची फट राहते. निळी पिन कापली, फायबर साफ करून नवी हिरवी लावली. मीटर उणे 22.9 वर आला. अजून तीनेक डीबी कुठे जात होते? लाल प्रकाशाचा टॉर्च सोडला तेव्हा डब्यामागचा गुंडाळा एका जागी चमकू लागला, म्हणजे प्रकाश तिथून बाहेर निसटत होता. जास्तीची वायर सुपारीएवढ्या वेटोळ्यात वळवून वर केबल टाय आवळला होता. टाय कापला, तळहाताएवढं सैल वेटोळं केलं: उणे 20.1.

दीड तास गेला, बंद फ्लॅटमध्ये, नवतपाच्या उन्हात. परत स्पीड घेतला. 196.

ताई तोवर येऊन पाहत होत्या. "आधी पण 196 अन् आता पण 196. मग तुम्ही दुरुस्त काय करून राहिले होते?"

मी प्रकाशाचं सांगितलं, मीटर दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावर संशय होताच, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांच्या पत्रात प्रकाशाचा आकडा नव्हता. आमच्या शिफ्टिंग फॉर्मवरही नाही, तिथे 'स्पीड' असा एकच रकाना आहे. मी समासात दोन्ही आकडे लिहिले, उणे 26.6 आणि उणे 20.1, खाली सही केली. संध्याकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर चढवलं होतं फक्त 196.